वॉटरबेडचा नियम आणि एक्स-२९

कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरून १४ डिसेंबर १९८४ रोजी एक अजब विमान पहिल्यांदा उडालं. त्याचे पंख मागे झुकलेले नव्हते, पुढे झुकलेले होते. ग्रुमन कंपनीनं बांधलेलं हे प्रायोगिक विमान, नाव एक्स-२९. पंखांमुळे ते फोटोत लगेच ओळखू येतं, पण त्याची खरी गंमत फोटोत दिसत नाही. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलं होतं. साध्या विमानाचं नाक वाऱ्याच्या झोतानं किंचित वर गेलं तर ते आपण होऊन खाली येतं. एक्स-२९चं नाक किंचित वर गेलं की ते आणखी वर जाई, आणि ही चूक साधारण ०.१२ सेकंदात दुप्पट होई. सेकंदाला आठ-नऊ वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर तरी सेकंदभरात चारशे पट. इतक्या वेळात वैमानिकाचा हात दांड्यावर धड हलतही नाही.

म्हणून विमान सांभाळायचं काम कॉम्प्युटरकडे होतं. तीन डिजिटल कॉम्प्युटर विमानाचा कल सतत मोजत आणि सेकंदाला चाळीसपर्यंत आज्ञा देऊन पुढचे छोटे पंख आणि मागचे पडदे हलवत. ही योजना आखताना इंजिनिअरांपुढे सुरक्षिततेचा एक ठरलेला निकष होता: ४५ अंशांचं फेज मार्जिन. नियंत्रणाच्या साखळीत आणखी किती उशीर झाला तर विमान डोलायला लागेल, त्याचं हे माप. अंश जितके जास्त, तितका उशीर पचवायला वाव जास्त. पुष्कळ खटपट करूनही एक्स-२९ला हे ४५ अंश गाठता आले नाहीत. गाठता येणारच नव्हते, आणि ते कुणाच्या हुशारीत काही कमी होतं म्हणून नव्हे. हे हनीवेल कंपनीतले नियंत्रणतज्ज्ञ गुंटर स्टाइन यांनी १९८९ सालच्या एका व्याख्यानात दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी वापरलेला नियम तेव्हाही जुना होता. आज त्याला वॉटरबेड इफेक्ट म्हणतात. माझ्या मते यंत्रं चालवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा, आणि त्याचं गणित शाळेत शिकलेल्या घातांकांच्या पलीकडे फारसं जात नाही.

आधी संवेदनशीलता म्हणजे काय ते पाहू. फीडबॅकवर चालणारं कुठलंही यंत्र तीन कामं करतं. चूक मोजतं, तिच्या उलट ढकलतं, पुन्हा मोजतं. फीडबॅक नसताना एखाद्या धक्क्यानं जितका परिणाम झाला असता, त्याच्या किती पट परिणाम फीडबॅक असताना होतो, त्या आकड्याला संवेदनशीलता म्हणतात. तो अर्धा असेल तर फीडबॅकनं धक्का निम्मा केला. एक असेल तर फीडबॅक असून नसून सारखा. दोन असेल तर फीडबॅकनं धक्का दुप्पट केला, म्हणजे ज्याला राखण करायला ठेवलं त्यानंच नुकसान वाढवलं. हा आकडा सगळ्या धक्क्यांना सारखा नसतो. संथ हेलकाव्यांसाठी वेगळा, जलद थरथरीसाठी वेगळा. म्हणून तो प्रत्येक वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं होतात त्यानुसार, वेगवेगळा काढावा लागतो.

तो कुठे ना कुठे एकच्या वर का जातो? याचं उत्तर ऐकायला विमानात बसायची गरज नाही. आवाज दाबणारा हेडफोन पुरतो. त्याच्या एका प्रकारात कानाजवळ, कपाच्या आत एक मायक्रोफोन असतो. आत शिरलेला आवाज तो ऐकतो, सर्किट त्याची उलटी लाट तयार करतं आणि स्पीकर ती सोडतो. आवाज वर असेल तेव्हा उलटी लाट खाली, म्हणून दोन्ही मिळून शांतता. पण मोजण्यात, हिशेबात आणि स्पीकरचा पडदा हलण्यात थोडा उशीर होतोच. समजा तो सगळा मिळून पाव मिलिसेकंद आहे. पंख्याच्या किंवा इंजिनाच्या १०० हर्ट्झच्या घरघरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, त्यात पाव मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. उलटी लाट जवळजवळ वेळेवर पोचते आणि घरघर विरते. १,००० हर्ट्झच्या शिटीचं आवर्तन मात्र एकाच मिलिसेकंदाचं असतं. तिथे तोच उशीर पाव आवर्तनाचा होतो आणि उलट्या लाटेचा उपयोग संपतो. २,००० हर्ट्झला तो अर्ध्या आवर्तनाचा होतो. वर जाणाऱ्या आवाजाला खाली ओढायला निघालेली लाट पोचेपर्यंत आवाज स्वतःच खाली आलेला असतो, आणि ती लाट त्याला आणखी खाली ढकलते. शांत करायला निघालेली लाट आवाज वाढवून बसते.

यावर सरळ उपाय सुचतो. जिथे उशीर नडतो त्या वारंवारतेला यंत्रानं गप्प बसावं, उलटी लाट सोडूच नये. अशी गाळणी बसवता येते. पण गाळणी स्वतःच लाटेला उशीर लावते, आणि जितकी कडक गाळणी तितका उशीर जास्त. शिवाय कुठलंही खरं यंत्र एका वारंवारतेला पूर्ण ताकदीनं काम करून पुढच्या वारंवारतेला एकदम थांबू शकत नाही. त्याची ताकद हळूहळू ओसरते. ओसरता ओसरता एक पट्टा असा येतोच, जिथे ताकद अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे आणि उशीर मात्र घातक झाला आहे. त्या पट्ट्यात संवेदनशीलता एकच्या वर जाते. यातून सुटका नाही.

इथपर्यंत कळलं ते एवढंच, की कुठेतरी वाढ होणार. किती होणार हे सांगितलं बेल लॅब्जमधल्या हेंड्रिक बोडे यांनी. न्यूयॉर्कच्या या संस्थेतलेच हॅरॉल्ड ब्लॅक १९२७ साली ऑगस्टमधल्या एका सकाळी फेरीबोटीनं कामाला निघाले होते, तेव्हा त्यांना फीडबॅक अॅम्प्लिफायरची कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी ती मांडली. दूरवरच्या टेलिफोन तारांवर आवाज वाढवणारे अॅम्प्लिफायर तोवर आवाज बिघडवत असत, तो बिघाड फीडबॅकनं दबला. पण हे नवे अॅम्प्लिफायर कधीकधी आपणहून शिट्टी मारू लागत. इंजिनिअर त्याला अॅम्प्लिफायर ‘गातो’ असं म्हणत. शिट्टी का येते आणि ती टाळून बिघाड किती दाबता येतो, या प्रश्नावर बोडे यांनी बरीच वर्षं काम केलं. १९४५ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात हा हिशेब होता.

तो असा. आडव्या अक्षावर वारंवारता घ्या. उभ्या अक्षावर संवेदनशीलता, पण दुपटींमध्ये मोजलेली: दुप्पट म्हणजे अधिक एक, चौपट म्हणजे अधिक दोन, निम्मी म्हणजे उणे एक, एक अष्टमांश म्हणजे उणे तीन. जिथे फीडबॅक धक्के दाबतो तिथे आलेख शून्याच्या खाली जातो, जिथे वाढवतो तिथे वर. बोडे यांचा सिद्धान्त सांगतो की मूळ यंत्र स्थिर असेल आणि त्याची ताकद उंच वारंवारतांना पुरेशा वेगानं ओसरत असेल, तर शून्याखालचं क्षेत्रफळ आणि शून्यावरचं क्षेत्रफळ नेमकं सारखं असतं. साधारण सारखं नव्हे, नेमकं सारखं. आणि दुसरी अट खऱ्या जगातली जवळजवळ सगळी यंत्रं पाळतात.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आपल्याकडे घरी वॉटरबेड आणतात. त्यावर एका जागी हात दाबला की पाणी बाजूला सरकतं आणि गादी दुसरीकडे फुगते. पाणी कमी होत नाही. या नियमाला मिळालेलं नाव तिथूनच आलं आहे, आणि ते चपखल आहे, कारण इथेही एकूण ठरलेलं आहे आणि आपल्या हातात फक्त फुगवटा कुठे येऊ द्यायचा हे आहे.

पुन्हा हेडफोनचा हिशेब करू. शून्यापासून १०० हर्ट्झपर्यंतची घरघर एक अष्टमांश केली, म्हणजे तीन दुपटी खाली दाबली. क्षेत्रफळ झालं ३००. हे ३०० वर कुठेतरी यायलाच हवेत. पुढच्या ३०० हर्ट्झमध्ये आणले तर तिथला आवाज सरसकट दुप्पट होईल. तेच ३,००० हर्ट्झभर पातळ पसरले तर दुपटीचा फक्त दहावा हिस्सा वाढेल, म्हणजे साधारण सात टक्के. एवढं कानाला जाणवतही नाही. पसरायला जागा असेल तर वॉटरबेडचा नियम निरुपद्रवी असतो. कागदावर तर वारंवारतेला अंतच नाही, तेव्हा फुगवटा हवा तितका पातळ करता यावा. पाठ्यपुस्तकं अनेकदा इथेच थांबतात आणि वाचणाऱ्याचा समज होतो की हा नियम गणितातली एक शोभेची गोष्ट आहे. स्टाइन यांच्या व्याख्यानाचं महत्त्व इथे आहे. त्यांनी विचारलं, पसरायला खरोखर किती जागा आहे?

एक्स-२९मध्ये ती फार थोडी होती. पडदे हलवणारे हायड्रॉलिक अॅक्च्युएटर एका मर्यादेपेक्षा जलद हलत नाहीत. कॉम्प्युटर ठरावीक वेळानंच मोजमाप घेतो, त्याचा उशीर. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे विमानाचा सांगाडा ताठ नसतो, तो वाकतो आणि थरथरतो. एका वारंवारतेच्या पुढे कॉम्प्युटरनं पडदा हलवला तर विमान वळण्याआधी सांगाडाच लवतो, आणि लवलेला सांगाडा नेमका काय करतोय याचं भरवशाचं गणित नसतं. तिथे नियंत्रणाची ताकद शून्यावर आणण्याशिवाय इलाज नाही. ताकद शून्य म्हणजे संवेदनशीलता एक, म्हणजे तिथे ना दाब ना फुगवटा. एक्स-२९साठी स्टाइन यांनी ही हद्द सुमारे ४० रेडियन प्रति सेकंद धरली. आपल्या नेहमीच्या मापात ६.४ हर्ट्झ. सगळा खेळ या ६.४ हर्ट्झच्या पट्टीत.

आणि त्यात विमान अस्थिर. बोडे यांचा मूळ हिशेब स्थिर यंत्रांचा होता. अस्थिर यंत्रासाठी तो १९८५ साली जेम्स फ्रॉइडेनबर्ग आणि डग्लस लूझ यांनी पुढे नेला. अस्थिर यंत्रात वरचं आणि खालचं क्षेत्रफळ सारखं राहत नाही, वरचं जास्त भरतं. किती जास्त, याचं उत्तर आपल्या दुपटीच्या मापात फारच सुटसुटीत येतं: सोडून दिलं तर यंत्राची चूक सेकंदाला जितक्या वेळा दुप्पट होते, त्याच्या निम्मं. ही किंमत वाऱ्याचा एकही धक्का दाबण्याआधी मोजावी लागते, नुसतं हवेत राहण्यासाठी.

एक्स-२९ची चूक ०.११५ सेकंदात दुप्पट होत होती. म्हणजे सेकंदाला ८.६६ दुपटी, त्याच्या निम्मं ४.३३. हे क्षेत्रफळ ६.४ हर्ट्झच्या पट्टीत बसवायचं. अगदी सपाट, सगळीकडे सारखं पसरलं तरी प्रत्येक ठिकाणी ०.६८ दुपटीची वाढ येते, म्हणजे १.६ पट. याचा अर्थ असा, की जगातल्या उत्तमातल्या उत्तम डिझायनरनं सूत्रं लिहिली तरी त्या पट्टीत सरासरीनं धक्के साठ टक्क्यांनी वाढणारच. पण इतकं सपाट वाटप कुणालाच नको असतं. वाऱ्याचे संथ झोत आणि वैमानिकाच्या आज्ञा असतात ०.८ हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली, आणि तिथे तर विमान शहाण्यासारखं वागायला हवं. समजा ०.८ हर्ट्झपर्यंतचे धक्के निम्मे केले. दाबलेलं क्षेत्रफळ ०.८. आता वर यायला हवेत ४.३३ अधिक ०.८, म्हणजे ५.१३, आणि जागा उरली ५.६ हर्ट्झची. वाढ होते जवळजवळ १.९ पट. हावरेपणानं तेच धक्के एक दशांशावर आणायला गेलो, तर उरलेल्या पट्टीत वाढ २.४ पटींच्या घरात जाते.

फेज मार्जिनचं कोडं इथे सुटतं. संवेदनशीलता आणि फेज मार्जिन या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. नियंत्रणाची ताकद ज्या वारंवारतेला नेमकी एक होते, तिथली संवेदनशीलता कळली की मार्जिन किती अंशांचं हे भूमितीनं ठरतं. ४५ अंश हवे असतील तर तिथे ती १.३ च्या आसपास राहायला हवी. सपाट वाटपाचे १.६ धरले तर मार्जिन ३६ अंशांवर येतं. संथ धक्के निम्मे करायचं ठरवलं की १.९, आणि मार्जिन साधारण ३१ अंश. हट्टानं त्या एका ठिकाणी १.३ आणायचे, तर शेजारी कुठेतरी संवेदनशीलता त्याहून कितीतरी वर जाईल आणि धोका तिथे जाऊन बसेल. निकष लिहिणाऱ्यांनी तो स्थिर विमानांच्या अनुभवावरून लिहिला होता. या विमानात त्या निकषाला जागाच नव्हती. पहिल्या आराखड्याच्या वेळीच कुणी हा अर्ध्या पानाचा हिशेब केला असता, तर खूप मेहनत वाचली असती.

फुगवटा आहे हे उडत्या विमानात कळतं कसं? पडद्याला कॉम्प्युटरमार्फत मुद्दाम एक छोटा डोलणारा इशारा द्यायचा, आधी संथ, मग हळूहळू जलद. प्रत्येक वारंवारतेला विमान किती आणि किती उशिरानं डोललं हे नोंदवायचं. एक्स-२९च्या चाचण्यांत ही मोजमापं रेडिओनं जमिनीवर येत आणि विमान हवेत असतानाच मार्जिन काढून पाहिलं जाई. आकडे पटले तरच पुढच्या वेगाला जायची परवानगी. असं मोजमाप केलं नाही तर फुगवटा स्वतःच जाहीर होतो, त्याच वारंवारतेच्या थरथरीच्या किंवा डोलण्याच्या रूपानं. संथ धक्के सुरेख दबलेले, पण विमान सेकंदाला दोन-तीनदा बारीक हिंदकळतं आहे, असं दिसलं की अनुभवी माणूस पहिला संशय यावरच घेतो.

मार्जिन कमी असताना नशिबानं साथ सोडली तर काय होतं, याचं उदाहरण त्याच वर्षी घडलं होतं. २ फेब्रुवारी १९८९ रोजी स्वीडनच्या ग्रिपेन या अस्थिर लढाऊ विमानाचं पहिलं नमुना विमान लिंकशपिंगला उतरताना डोलू लागलं, डोलणं वाढत गेलं आणि ते धावपट्टीवर आदळलं. वैमानिक वाचला. १९९३च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या आकाशात प्रात्यक्षिक करताना आणखी एक ग्रिपेन कोसळलं, त्यातूनही वैमानिक सुखरूप सुटला. या दुसऱ्या अपघातात पडद्यांच्या हलण्याच्या वेगाची मर्यादा आड आली होती. वैमानिकानं दांडा झपाझप हलवला आणि पडदे त्यांच्या कमाल वेगापाशी अडकले. वॉटरबेडचा नियम अशा अडकलेल्या अवस्थेला काटेकोरपणे लागू होत नाही, पण काय बिघडतं ते त्यातून ढोबळपणे समजतं. पडदे मागे पडले की पसरायची जागा आक्रसते. विमानाची अस्थिरता मात्र तेवढीच राहते. एक्स-२९चेच आकडे घेतले आणि ६.४ हर्ट्झची पट्टी ४ वर आली असं मानलं, तर नुसतं उडत राहण्याची किंमत १.६ पटींवरून २.१ पटींवर जाते.

नियमाच्या कक्षेबाहेर पडायची एक वाट आहे, आणि ती हेडफोन बनवणाऱ्यांनी चांगलीच रुंद केली आहे. बोडे यांचा हिशेब फक्त फीडबॅकचा आहे, म्हणजे परिणाम दिसल्यावर दुरुस्ती करणाऱ्या यंत्राचा. धक्का येण्याआधीच त्याची खबर मिळाली तर तो लागू होत नाही. म्हणून हेडफोनच्या कपाच्या बाहेरच्या बाजूलाही मायक्रोफोन बसवतात. बाहेरचा आवाज कानापर्यंत पोचायला जो किंचित वेळ घेतो, तेवढ्यात उलटी लाट तयार होते. या वाटेचा तोटा असा की तिथे यंत्राला अचूक अंदाज बांधावा लागतो. हेडफोन थोडा तिरका बसला की अंदाज चुकतो आणि चूक तपासायला कुणी नसतं. म्हणून चांगल्या हेडफोनमध्ये दोन्ही मायक्रोफोन असतात, आणि आतल्या मायक्रोफोनवर संथ घरघरीपुरतीच जबाबदारी टाकतात, जेणेकरून त्याचा फुगवटा छोटा राहावा. शांत खोलीत असा हेडफोन चालू करून लक्षपूर्वक ऐका. घरघर गेलेली असते आणि वरच्या पट्टीत एक बारीक सुस्कारा आलेला असतो. त्यातला काही भाग सर्किटची स्वतःची खरखर असते, काही हा फुगवटा.

विमानात ही वाट अरुंद आहे, कारण पुढचा वाऱ्याचा झोत आधी मोजणं सोपं नाही आणि अस्थिरता तर मोजून घालवता येतच नाही, ती फीडबॅकनंच आवरावी लागते. आपलं तेजसही असंच अस्थिर विमान आहे. ते आता नाशिकजवळ ओझरच्या एचएएलच्या कारखान्यातही बांधलं जातं, आणि त्याच्याही नियंत्रणप्रणालीला हाच हिशेब लागू आहे. अशा विमानाचा आराखडा मांडताना दोनच आकडे आधी शेजारी ठेवावे लागतात: चूक दुप्पट व्हायला लागणारा वेळ, आणि सांगाडा, अॅक्च्युएटर व कॉम्प्युटर मिळून भरवशानं देऊ शकतील ती पट्टी. एक्स-२९चा दुपटीचा वेळ ०.११५ ऐवजी त्याच्या निम्मा असता, तर त्याच ६.४ हर्ट्झच्या पट्टीत नुसतं हवेत राहण्याची किंमत अडीच पटींच्या वर गेली असती आणि मार्जिन सुमारे बावीस अंशांवर आलं असतं. असं विमान उडवायला कुणी परवानगी दिली नसती. बांधलेली दोन्ही एक्स-२९ विमानं मात्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एकही अपघात न होता उडत राहिली. त्यातलं एक ओहायोत डेटनच्या वायुसेना संग्रहालयात आहे, दुसरं एडवर्ड्सलाच.